खोटी निघालेली फॉरवर्ड गुपचूप डिलीट केली, की काम संपलं का?

'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे.' हा मेसेज दर काही महिन्यांनी नव्या गावाच्या नावासह परत येतो. कधी सोबत व्हिडिओ असतो, कधी फोटो, कधी कुणाचा तरी आवाज. अनेकजण तो काळजीपोटी पुढे पाठवतात. काही तासांनी कुणीतरी सांगतं की, हे खोटं आहे. मग बहुतेकजण एकच गोष्ट करतात. पोस्ट उघडायची, डिलीट करायची आणि विषय संपला असं समजायचं.

पण तोवर ती पोस्ट ज्यांनी पाहिली, त्यांच्यासाठी विषय संपलेला नसतो. त्यांना पोस्ट मिळाली होती, ती खोटी असल्याचं मात्र कुणी सांगितलेलं नसतं. म्हणूनच अफवा टाइमलाइनवरून काढणं आणि अफवा दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम न करता फक्त पहिलं केलं तर काय होतं, आणि दुसरं काम नेमकं कसं करायचं, हे मुलं पळवण्याच्या अफवेच्याच उदाहरणावरून समजून घेऊया.

राईनपाड्यात काय झालं होतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात रविवारचा आठवडी बाजार भरला होता. त्याआधीचे काही दिवस त्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्या दिवशी गावात पाच अनोळखी माणसं आली. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जगण्याचा मार्ग.

त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि लोकांना संशय आला, असं त्यावेळी पोलिसांनी सांगितलं होतं. जमाव जमला. या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारहाण झाली आणि त्यात पाचही जणांचा मृत्यू झाला. त्यांनी कोणतंही मूल पळवलेलं नव्हतं.

राईनपाडा ही एकटी घटना नव्हती. २०१८ च्या मे-जून-जुलैमध्ये आसाम, तामिळनाडू, कर्नाटक, तेलंगणा अशा अनेक राज्यांत याच अफवेतून माणसं मारली गेली. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांची जमावाने हत्या केली. त्याआधीही त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या.

या घटनांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. जमावातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या क्षणी तो मेसेज उघडा होता, असं नाही. मेसेज आधीच वाचून झालेला होता. त्याची भीती डोक्यात बसली होती आणि अनोळखी माणूस समोर दिसल्यावर ती बाहेर आली. मेसेज पाठवणाऱ्याने तोवर तो आपल्या फोनमधून डिलीट केला असता, तरी या भीतीत काही फरक पडला नसता. फरक पडला असता तो, 'ते खोटं होतं' हे त्याच माणसांपर्यंत वेळेत पोहोचलं असतं तर.

कराचीतला व्हिडिओ भारतात 'पुरावा' कसा झाला?

२०१८ मध्ये या अफवेसोबत सगळ्यात जास्त फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक असा होता: रस्त्यावर मुलं खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. सीसीटीव्हीत टिपल्यासारखं दिसणारं हे दृश्य पाहून कुणालाही धक्का बसेल.

हा व्हिडिओ भारतातला नव्हता आणि खऱ्या अपहरणाचाही नव्हता. पाकिस्तानातल्या कराचीमध्ये हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी बनवलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवाले मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो, मुलांवर लक्ष ठेवा, असा तो संदेश होता. कुणीतरी हा शेवट कापला. उरलेल्या भागावर 'आपल्या भागातली घटना' असा मजकूर चढवला आणि फिल्मचा अर्थ उलटा झाला.

दुरुस्ती करताना इथली एक बाब महत्त्वाची ठरते. या फॉरवर्डमध्ये एक नाही, दोन दावे होते. पहिला दावा म्हणजे या व्हिडिओत खरं अपहरण दिसतंय. दुसरा म्हणजे अशी टोळी आपल्या भागात आली आहे. व्हिडिओ कराचीचा आहे हे कळलं की पहिला दावा पडतो. दुसरा आपोआप पडत नाही. 'व्हिडिओ जुना असेल, पण टोळी तर आली असेलच ना?' असं वाचणाऱ्याच्या मनात येतंच. म्हणून दोन्ही दाव्यांना वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं.

डिलीट केल्यावर नेमकं काय पुसलं जातं?

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करू. मेसेज पाठवल्यानंतर दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ तो Delete for everyone वापरून सगळ्यांच्या चॅटमधून काढता येतो. तिथे 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी ओळ उरते. पण ज्यांनी तो तोवर पुढे पाठवला, त्यांच्याकडून गेलेल्या प्रती तशाच राहतात. फोनच्या गॅलरीत सेव्ह झालेला व्हिडिओ आणि काढलेले स्क्रीनशॉटही राहतात. ठरलेली मुदत उलटली की हा पर्याय उरतच नाही.

यात एक नेहमीची गडबड होते. घाईत Delete for me दाबलं जातं. मेसेज फक्त पाठवणाऱ्याच्या फोनवरून जातो आणि बाकी सगळ्यांकडे तसाच राहतो. चूक लक्षात आली तर काही सेकंद Undo दिसतं. तेवढ्यात ते दाबलं नाही, तर तो मेसेज आपल्याला परत निवडता येत नाही आणि सगळ्यांसाठी काढताही येत नाही. अशा वेळी ग्रुपच्या ॲडमिनला सांगावं. ॲडमिनला ग्रुपमधल्या कुणाचाही मेसेज काढता येतो.

फेसबुकवर दोन वेगळ्या परिस्थिती असतात. दुसऱ्याची पोस्ट तुम्ही शेअर केली असेल, तर डिलीट केल्यावर फक्त तुमचं शेअर जातं, मूळ पोस्ट चालूच राहते. व्हिडिओ तुम्ही स्वतः अपलोड केला असेल आणि इतरांनी तुमची पोस्ट शेअर केली असेल, तर डिलीट केल्यावर त्यांच्या टाइमलाइनवर 'ही पोस्ट आता उपलब्ध नाही' अशा अर्थाची चौकट दिसते. का उपलब्ध नाही, हे मात्र तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

इथेच गुपचूप डिलीट करण्याचा उलटा परिणामही होऊ शकतो. 'बघा, खरं होतं म्हणून काढायला लावलं', 'पोलिसांनी दाबलं' असा अर्थ लावायला मोकळी जागा मिळते. कारण न सांगता गायब झालेली पोस्ट ही अफवेला मिळालेली नवीन गोष्ट ठरते.

खोटं आहे हे कळूनही ते डोक्यात का राहतं?

यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. १९९४ मध्ये हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही सांगितले जातात. सहभागी लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीबद्दल एकामागून एक छोटे रिपोर्ट वाचायला दिले. आधी सांगितलं की, एका कपाटवजा खोलीत तैलरंग आणि गॅसचे सिलिंडर ठेवलेले होते. नंतर दुरुस्ती दिली की, ती खोली रिकामीच होती. ही दुरुस्ती लोकांनी वाचली, ती त्यांच्या लक्षातही होती. तरी 'आग इतकी का भडकली असेल?' असं विचारल्यावर अनेकांच्या उत्तरात रंग आणि सिलिंडर परत आलेच.

यात बदल केव्हा झाला? रिकाम्या झालेल्या जागी दुसरं कारण दिल्यावर. आग मुद्दाम लावल्याची चिन्हं दुसरीकडे सापडली, असं सांगितलं तेव्हा रंग आणि सिलिंडरचा उल्लेख बराच कमी झाला. माणसाचं मन अर्धवट गोष्ट घेऊन बसत नाही. 'ते कारण चूक होतं' एवढंच सांगितलं तर गोष्टीत भोक पडतं आणि ते भरायला जुनंच कारण परत येतं.

हेच फॉरवर्डला लावून पाहा. गुपचूप डिलीट केलं तर वाचणाऱ्याला दुरुस्ती मिळतच नाही. 'तो व्हिडिओ फेक होता, इग्नोर करा' असं लिहिलं तर दुरुस्ती मिळते, पण मनात भोक राहतं. मग ते मूल उचलताना दिसलं ते काय होतं? 'ती कराचीतल्या जनजागृती फिल्मची कापलेली क्लिप आहे, मूळ फिल्ममध्ये मूल परत आणून सोडतात' असं लिहिलं तर डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्याला नवीन अर्थ मिळतो. दुरुस्तीत 'खोटं आहे' याच्यापेक्षा 'मग ते काय आहे' हे वाक्य जास्त काम करतं.

दुरुस्ती कशी लिहायची? एक उदाहरण

समजा, नाशिकमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर १४० सदस्य आहेत. मंगळवारी सकाळी १० वाजता एका रहिवाशाने हाच व्हिडिओ टाकला. सोबत मजकूर होता: 'आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे. भिकाऱ्याच्या वेशात फिरतात. सगळ्यांना पाठवा.' दुपारपर्यंत तीन-चार जणांनी 'दुसऱ्या ग्रुपवर टाकतो' असं लिहिलं. संध्याकाळी भाच्याने फोन करून सांगितलं की, हा जुना व्हिडिओ आहे.

साधारणपणे अशा वेळी काय लिहिलं जातं? 'सॉरी, सकाळचा मेसेज फेक होता. दुर्लक्ष करा. तरी काळजी घ्या.' या मेसेजमध्ये तीन अडचणी आहेत. सकाळपासून ग्रुपवर पन्नास मेसेज झाले असतील, तर त्यातला कोणता हे कळत नाही. खरं काय आहे ते सांगितलेलं नाही. आणि 'तरी काळजी घ्या' या शेवटच्या तीन शब्दांनी काढलेली भीती परत ठेवली आहे.

काही लिहिण्याआधी त्या रहिवाशाने दोन्ही दावे वेगवेगळे तपासायला हवेत. व्हिडिओसाठी त्यातल्या एका स्पष्ट फ्रेमचा स्क्रीनशॉट घेऊन इमेज सर्च करता येतो. कराचीच्या या क्लिपबद्दल फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी आणि मोठ्या वृत्तसंस्थांनी अनेकदा लिहिलं आहे. टोळीबद्दल मात्र इंटरनेट उत्तर देणार नाही. त्यासाठी जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारावं लागतं. पीआयबी फॅक्ट चेक इथे उपयोगाचं नाही, कारण तिथे केंद्र सरकारशी संबंधित दावेच तपासले जातात.

मग दुरुस्ती अशी लिहिता येईल:

'दुरुस्ती. आज सकाळी १० वाजता मी या ग्रुपवर मोटारसायकलवरून मूल पळवल्याचा व्हिडिओ टाकला होता. तो आपल्याकडचा नाही. कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या एका फिल्मचा तो कापलेला भाग आहे. मूळ फिल्ममध्ये ते लोक मुलाला लगेच परत आणून सोडतात. आपल्या भागात टोळी आल्याचंही त्यात लिहिलं होतं. मी संध्याकाळी ६ वाजता पोलीस ठाण्यात फोन करून विचारलं. अशी एकही तक्रार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी न तपासता पाठवलं, चूक माझी आहे. व्हिडिओ काढून टाकला आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी त्याच ठिकाणी हा मेसेज टाकावा. कुणाबद्दल शंका वाटली तर ११२ ला फोन करा. कुणालाही अडवू नका, हात लावू नका.'

हा मेसेज लांब वाटेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य एक काम करतं. वेळ आणि वर्णन दिल्यामुळे कोणत्या मेसेजबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. अफवा एकदाच, तीही दुरुस्तीच्या चौकटीत येते. दृश्याचा खरा अर्थ सांगितला आहे. पोलिसांचं उत्तर कधीचं आहे हे लिहिलं आहे, म्हणजे दोन दिवसांनी वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही. आणि शेवटी धोका वाटला तर काय करायचं, याचं अफवेपेक्षा चांगलं उत्तर दिलं आहे.

पोलीस ठाण्यात फोन केलाच नसेल, तर ते वाक्य अर्थातच लिहू नये. त्याजागी 'टोळी आल्याच्या दाव्याला माझ्याकडे कोणताही आधार नाही, मी तो तपासलेला नव्हता' असं लिहिता येतं. 'खोटं आहे' आणि 'मला माहीत नाही' यातला फरक पाळला नाही, तर दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती करायची वेळ येते. त्यानंतर मग कुणीच विश्वास ठेवत नाही.

आधी डिलीट करायचं की आधी दुरुस्ती?

जिवावर बेतू शकेल अशी अफवा असेल, तर व्हिडिओ आधी काढावा. तो जितका वेळ ग्रुपवर राहील, तितका वेळ पुढे जात राहील. पण काढण्याआधी एक मिनिट घालवून दोन गोष्टी कराव्यात. मेसेज दाबून धरून Info उघडावं. तिथे ग्रुपमधल्या कुणी तो वाचला आहे, ते दिसतं (ज्यांनी रीड रिसिट बंद ठेवली असेल, त्यांची नावंही ग्रुपमध्ये दिसतात). मेसेज डिलीट झाल्यावर ही यादी मिळत नाही. आणि तो आणखी कोणकोणत्या ग्रुपवर आपण टाकला, कोणाला वैयक्तिक पाठवला, स्टेटसवर ठेवला का, याची नोंद करावी. दुरुस्ती या प्रत्येक ठिकाणी जायला हवी.

व्हिडिओ काढल्यावर लगेच 'थोड्या वेळापूर्वीचा व्हिडिओ खोटा असल्याचं कळलं म्हणून काढला आहे, सविस्तर लिहितो' एवढं टाकलं, तरी गायब झालेल्या मेसेजचा वेगळा अर्थ लावला जात नाही. मग तपासून पूर्ण दुरुस्ती टाकावी.

व्हॉट्सॲपची एक मर्यादा इथे दुरुस्तीच्या बाजूने काम करते. २०१८ च्या हत्यांनंतर कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, खूप वेळा फॉरवर्ड झालेला आणि दुहेरी बाण दिसणारा मेसेज एका वेळी एकाच चॅटवर पाठवता येतो. पसरलेली अफवा बहुतेकदा या दुसऱ्या गटात असते. स्वतः नव्याने टाइप केलेली दुरुस्ती मात्र एका वेळी पाच चॅटवर जाऊ शकते.

स्टेटसवर ठेवलेला व्हिडिओ २४ तासांनी आपोआप जातो, म्हणून अनेकजण तिकडे लक्षच देत नाहीत. पण ज्यांनी तो पाहिला, त्यांना दुरुस्तीही स्टेटसवरच दिसायला हवी, तीही पूर्ण २४ तास.

फेसबुकवर पोस्ट तुमची असेल आणि ती बऱ्याच जणांनी शेअर केली असेल, तर डिलीट करण्याआधी विचार करावा. पोस्टच्या सुरुवातीलाच 'दुरुस्ती: हा व्हिडिओ आपल्या भागातला नाही' असं एडिट केलं, तर तुमची पोस्ट शेअर केलेल्यांच्या टाइमलाइनवरही हा बदललेला मजकूर दिसतो. डिलीट केल्यावर हीच जागा हातातून जाते. आकडा चुकला, तारीख चुकली, जुनी बातमी नवी म्हणून दिली, अशा चुकांसाठी पोस्ट ठेवून वर दुरुस्ती लिहिणं हाच चांगला मार्ग आहे. पण भडकवणारा व्हिडिओ असेल, तर लोक वरचा मजकूर न वाचता व्हिडिओच उचलतात. तिथे एडिट करून काही वेळ ठेवणं आणि मग काढून नवी, स्वतंत्र पोस्ट लिहिणं योग्य.

नव्या पोस्टमध्ये तोच व्हिडिओ परत टाकू नये. ओळख पटावी म्हणून चित्र दाखवणं गरजेचंच असेल, तर एका फ्रेमवर आडवी-तिडवी मोठ्या अक्षरात 'खोटा दावा' अशी पट्टी टाकावी. कोपऱ्यातला छोटा शिक्का क्रॉप करून निघतो आणि आपलाच फोटो परत अफवा म्हणून फिरायला लागतो. आणि ज्याने आपल्याला तो मेसेज पाठवला, त्याचं नाव सगळ्यांसमोर घेऊ नये. त्याला वेगळा मेसेज करावा. सगळ्यांसमोर अपमान झालेला माणूस दुरुस्ती करण्याऐवजी अफवेचीच बाजू घेऊन भांडायला लागतो.

'खोटं असलं तरी काळजी घेतलेली काय वाईट?'

दुरुस्ती टाकल्यावर हे उत्तर हमखास येतं, आणि बहुतेकदा ग्रुपमधल्या एखाद्या काका किंवा मावशींकडून येतं. त्यांचा हेतू चांगलाच असतो. म्हणून चिडण्यापेक्षा उत्तर देणं बरं.

मुलांवर लक्ष ठेवण्यात काहीच वाईट नाही. पण हा मेसेज 'मुलांवर लक्ष ठेवा' एवढंच सांगत नाही. तो 'भिकाऱ्याच्या वेशातल्या माणसांपासून सावध' असंही सांगतो. त्या सावधपणाची किंमत मेसेज पाठवणारा देत नाही. ती किंमत भिक्षा मागणारे, भंगार गोळा करणारे, फेरीवाले, परराज्यातून आलेले मजूर, रस्त्याने एकटी फिरणारी मनोरुग्ण व्यक्ती यांना द्यावी लागते. राईनपाड्यात मारले गेलेले पाच जण अशाच वर्णनात बसत होते. त्यांच्यापैकी कुणीही त्या मेसेजच्या ग्रुपवर नव्हतं, त्यामुळे 'आम्ही ते नाही' असं सांगण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. त्यांच्या बाजूने ते सांगण्याची जागा फक्त दुरुस्ती टाकणाऱ्याकडे असते.

डिलीट केलं तर कायद्यातून सुटका होते का?

नाही. समाजात भीती किंवा तेढ पसरेल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्थात, मजकूर खरा मानण्यास वाजवी कारण होतं आणि वाईट हेतू नव्हता, अशा व्यक्तीसाठी या कलमात अपवादही आहे.

डिलीट करण्याबद्दल तामिळनाडूतल्या एका प्रकरणात न्यायालयांनी स्पष्ट भूमिका घेतली. अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलची एक अपमानास्पद पोस्ट फेसबुकवर शेअर केली. मजकूर न वाचता शेअर केला, काही तासांत काढला आणि माफीही मागितली, असा त्यांचा बचाव होता. जुलै २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला. पाठवलेला मेसेज हा धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखा असतो, असं न्यायालयाने म्हटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही.

ते प्रकरण अफवेचं नसून बदनामीकारक मजकुराचं होतं. पण 'नंतर काढून टाकलं' हा बचाव पुरेसा नाही, हे त्यातून दिसतं. दुरुस्तीनेही कायद्याचं संरक्षण मिळतंच, असं नाही. एखाद्या मेसेजवरून प्रत्यक्ष हिंसा झाली असेल किंवा पोलिसांनी नोटीस दिली असेल, तर फोनमधलं काहीही पुसण्याआधी वकिलाशी बोलणंच योग्य.

दुरुस्ती कुठवर पोहोचते?

अफवेइतकी लांब नाही. मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खरी बातमी क्वचितच हजारांहून जास्त लोकांपर्यंत गेली. सगळ्यात जास्त पसरलेल्या खोट्या बातम्या मात्र एक हजार ते एक लाख लोकांपर्यंत गेल्या. नाशिकच्या त्या काल्पनिक ग्रुपवरून दुपारीच पुढे गेलेल्या प्रती कुठे पोहोचल्या, हे त्या रहिवाशाला कधीच कळणार नाही.

पण १४० जणांच्या त्या ग्रुपपर्यंत दुरुस्ती नक्की पोहोचू शकते, कारण अफवा तिथे त्याच माणसाच्या नावाने पोहोचली होती. बाहेरच्या फॅक्ट-चेक साइटला हे जमत नाही. तिला तो ग्रुप माहीतच नसतो. आणि ज्या तीन-चार जणांनी 'पुढे टाकतो' असं लिहिलं होतं, त्यांना नाव घेऊन वेगळा मेसेज केला, तर आणखी तीन-चार ग्रुपवर ती जाऊ शकते. 'कुठे कुठे टाकला होतास? तिथे एवढं टाकशील का?' या एका प्रश्नाने दुरुस्ती अफवेच्याच वाटेने मागे जायला लागते. दुसऱ्या दिवशी त्यांना परत विचारावं, कारण 'टाकतो' म्हणणं आणि खरंच टाकणं यात दुरुस्तीच्या बाबतीत बरंच अंतर पडतं.